‘आलास तर येईन’ या वाक्यात काळ कुठे जुळतो?

*मी सातवीला मराठी शिकवते. परीक्षेआधी उजळणी म्हणून दहा मिनिटांचा ‘वाक्याचे अर्धे भाग जुळवा’ हा सराव घेते. ‘दोन्ही भागांत काळ एकच हवा’ हा नियम फळ्यावर लिहिलेला असतो. मुलं पटापट जुळवतात, बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण मिळतात. पण तीच मुलं निबंधात ‘जर मला माहीत असते तर मी नक्की येईन’ असं लिहितात. परवा एका मुलानं विचारलं, ‘तू आलास तर मी येईन’ यात पहिला भाग भूतकाळी आणि दुसरा भविष्यकाळी आहे, मग हे वाक्य चूक का? मला लगेच उत्तर सुचलं नाही. सहकारी म्हणतात, जोड्या लावणं हा नुसता खेळ आहे, त्यापेक्षा काळांचे तक्ते पाठ करून घ्या. सराव बंद करू की बदलू?*

बंद करू नका, पण फळ्यावरचा तो नियम आधी पुसा. तुमच्या विद्यार्थ्यानं दाखवलेलं वाक्य बरोबर आहे, चुकतोय तो नियम. आणि हे त्याला वर्गासमोर सांगा, कारण असा प्रश्न मनात येऊनही गप्प बसलेली आणखी दोन-चार मुलं त्या वर्गात नक्की असतील.

‘आला’, ‘थांबला’, ‘संपली’ या रूपांना आपण भूतकाळ म्हणायला शिकवतो. एकट्या वाक्यात ते ठीकच आहे. ‘पाऊस थांबला’ म्हटलं की पाऊस थांबून गेलेला असतो. पण दाराबाहेरून कोणी हाक मारली की आतला माणूस ‘आलोच!’ म्हणतो, तेव्हा तो जागेवरून हललेलाही नसतो. ‘आलो’ हे रूप खरं तर एवढंच सांगतं, की येण्याची क्रिया पूर्ण झाली असं धरा. ती कधी पूर्ण झाली, मागे की पुढे, हे बऱ्याचदा शेजारचा शब्द ठरवतो. ‘तर’ आणि ‘की’ हे असेच शेजारी आहेत. ही वाक्यं एकाखाली एक लिहून बघा:

तू आलास तर मी येईन.
तू आलास तेव्हा मी झोपलो होतो.
तू आलास की त्याला बरं वाटतं.
तू आलास की मला सांग.

पहिले दोन शब्द चारही वाक्यांत तेच आहेत. पहिल्या वाक्यातलं येणं अजून व्हायचंय. दुसऱ्यातलं होऊन गेलंय. तिसऱ्यातलं अधूनमधून होत असतं. चौथ्यातलं पहिल्यासारखंच व्हायचंय, आणि दुसऱ्या भागात तर काळच नाही, आज्ञा आहे. तिसरं आणि चौथं वाक्य शेजारीशेजारी ठेवलं की आणखी एक गोष्ट दिसते. ‘की’पर्यंतचा भाग अक्षरन् अक्षर सारखा असूनही काळ वेगळा आहे, आणि तो दुसऱ्या भागानं ठरवलाय. म्हणजे नुसत्या क्रियापदाच्या रूपाकडे बघून काळ जुळवायला निघालेलं मूल इथे हमखास गोंधळणार. ज्याला गोंधळ जाणवला त्यानं तुम्हाला प्रश्न विचारला. बाकीच्यांनी वाक्य वाचून कानाला बरं वाटलं ते लिहिलं आणि गुण घेतले.

हाच नियम दुसऱ्या एका ठिकाणीही अडतो. ‘ती म्हणाली की मी उद्या येईन’ हे मराठीत अगदी सरळ वाक्य आहे. ‘म्हणाली’ भूतकाळी, ‘येईन’ भविष्यकाळी, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. बोलणाऱ्याचे शब्द आपण त्याच्या तोंडी होते त्याच काळात ठेवतो. फळ्यावरचा नियम इमानदारीनं पाळणारं मूल हे वाक्य चूक ठरवेल, किंवा ओढूनताणून ‘ती म्हणाली की ती आली’ असं काहीतरी करून ठेवेल. ‘की’नं सुरू होणारी अशी बोलण्याची-विचारांची वाक्यं या सरावातून बाहेरच ठेवा. तिथे जुळवायला काही नाही.

मग नियमाऐवजी काय लिहायचं? माझ्या मते एक प्रश्न पुरेसा आहे: ‘ही गोष्ट घडली का?’ सातवीच्या कामापुरती त्याला चार उत्तरं आहेत. घडली. घडायची आहे. घडू शकली असती, पण घडली नाही. पुन्हापुन्हा घडायची. हे चार खण फळ्यावर आखा आणि मुलांना सांगा, की वाक्याचे दोन्ही भाग एकाच खणात पडले पाहिजेत, रूपं वेगळी दिसली तरी चालतील. ‘तू आलास तर’ हा भाग दुसऱ्या खणात जातो, कारण येणं व्हायचंय. ‘मी येईन’ही तिथेच जातं. जुळलं. ‘पाऊस थांबला असता तर’ तिसऱ्या खणात, कारण पाऊस थांबलेलाच नाही. संकेतार्थ वगैरे नावं मुलांना माहीत असतील तर खणांच्या डोक्यावर लिहा, नसतील तर त्यावाचून अडत नाही.

आता पैकीच्या पैकी गुणांकडे येऊ. तुमचा तक्ता मी पाहिलेला नाही, पण सरावाचे तक्ते साधारण असे असतात:

१. तू अभ्यास केला असतास तर …… अ. आम्ही घरीच राहू.
२. घंटा वाजली तेव्हा …… आ. फिरायला जातो.
३. उद्या सुट्टी असेल तर …… इ. पास झाला असतास.
४. तो रोज पहाटे उठतो आणि …… ई. मुलं वर्गात गेली.

हा तक्ता सोडवायला काळ कळायची गरजच नाही. अभ्यास म्हटलं की पास, घंटा म्हटलं की वर्ग, पहाट म्हटलं की फिरणं, सुट्टी म्हटलं की घर. शिवाय ‘असतास’ दोन्हीकडे छापलेलंच आहे, ते डोळ्यांनीच जुळतं. आणि तीन जोड्या लागल्या की चौथी आपोआप पदरात पडते. मूल हुशार आहे, म्हणून ते सोप्या वाटेनं गेलं. त्यात त्याचा काही दोष नाही.

तुमचा तक्ता खरोखर काळ तपासतो का, हे बघायची एक युक्ती आहे. दोन्ही बाजूंची क्रियापदं खडूनं पुसा किंवा कागदावर पट्टीनं झाका, आणि उरलेला तक्ता घरातल्या कोणालाही सोडवायला द्या. ‘तू अभ्यास … तर’ आणि ‘पास …’ एवढ्यावरून जर जोड्या लागत असतील, तर तुम्ही मुलांची समज तपासलीत ती अभ्यासाबद्दलची, क्रियापदांबद्दलची नव्हे. क्रियापद झाकल्यावर तक्ता सोडवणं अशक्य व्हायला हवं, तरच तो तुमच्या कामाचा.

त्यासाठी सगळे भाग एकाच प्रसंगावर बेतायचे. पाऊस आणि खेळ एवढंच घेऊ:

१. उद्या पाऊस थांबला तर ……
२. पाऊस थांबला तेव्हा ……
३. पाऊस थांबला असता तर ……
४. पाऊस थांबत असे तेव्हा ……
५. पाऊस थांबेल तेव्हा ……

अ. आम्ही खेळायला गेलो.
आ. आम्ही खेळायला जाऊ.
इ. आम्ही खेळायला गेलो असतो.
ई. आम्ही खेळायला जात असू.

डावीकडे पाच भाग आहेत आणि उजवीकडे चार. मुलांना एवढंच सांगा, की उजवीकडचा एखादा भाग दोनदा वापरावा लागेल. कुठला ते सांगू नका. शेवटची जोडी आपोआप लागण्याची सोय यानं बंद होते. आणि दोनदा लागणारा भाग मुद्दाम ‘जाऊ’ ठेवलाय, कारण तो एकदा ‘थांबला तर’ला लागतो आणि एकदा ‘थांबेल तेव्हा’ला. एक रूप भूतकाळासारखं दिसणारं, दुसरं उघड भविष्यकाळी, आणि दोघांचं उत्तर एकच. तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न असा तक्त्यातच येऊन बसतो. उत्तरं १-आ, २-अ, ३-इ, ४-ई, ५-आ.

असा तक्ता तयार झाला की लगेच वर्गात नेऊ नका. डावीकडचा प्रत्येक भाग उजवीकडच्या प्रत्येकाला लावून मोठ्यानं वाचा. पाच चोक वीस वाक्यं होतात, दोन-तीन मिनिटांचं काम आहे. तुम्ही ठरवलेल्या पाचांव्यतिरिक्त आणखी कुठलं वाक्य बरोबर लागतंय का, ते बघायचं. मराठीत हे फार होतं. उदाहरणार्थ, पहिल्या भागातला ‘उद्या’ काढून टाका. ‘पाऊस थांबला तर आम्ही खेळायला जात असू’ हे वाक्य लगेच बरोबर होतं, लहानपणच्या आठवणी सांगताना आपण असंच बोलतो. म्हणून तिथे ‘उद्या’ हवा. तसंच उजवीकडे ‘आम्ही खेळायला जातो’ हा भाग घालायचा मोह होईल, घालू नका. ‘उद्या पाऊस थांबला तर मी येतो’ असं आपण रोज म्हणतो, तेव्हा ‘जातो’ लावणाऱ्या मुलाला चूक कुठल्या तोंडानं म्हणायचं? ‘गेलो होतो’चंही तेच. ‘पाऊस थांबला तेव्हा आम्ही खेळायला गेलो होतो’ म्हणजे पाऊस थांबायच्या आधीच पोरं मैदानावर पोचली होती, वाक्य चोख आहे.

एवढं करूनही एखादी मुलगी उठून म्हणेल, ‘पाऊस थांबला तेव्हा आम्ही खेळायला गेलो असतो, पण आईनं सोडलं नाही.’ तिचं बरोबर आहे. पुढे ‘पण’ जोडला की ते वाक्य उभं राहतं. तिला गुण द्या, आणि तक्त्यातले भाग पूर्णविरामानं संपतात, पुढे काही जोडायचं नाही, हे पुढच्या वेळी सूचनेतच लिहा. कुठला भाग कुठे आणि का बसत नाही, हे बोलायला लावणारं उत्तर या सरावात मला बिनचूक जोडीपेक्षा जास्त कामाचं वाटतं.

या तक्त्यात एक कच्चा दुवा राहतो, तोही सांगतो. ‘थांबला असता’ आणि ‘गेलो असतो’, ‘थांबत असे’ आणि ‘जात असू’ या जोड्या दिसायलाच सारख्या आहेत. ज्याला काहीच कळलेलं नाही असं मूलही ‘अस’ बघून ‘अस’ला लावेल. पहिल्या दिवशी हे चालेल, तेवढा आधार असू द्या. दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात नकार आणा:

१. पाऊस थांबला नाही तर ……
२. पाऊस थांबला नसता तर ……
३. पाऊस थांबला असता तर ……
४. काल पाऊस थांबला नाही म्हणून ……

अ. आमचा खेळ बुडाला.
आ. आमचा खेळ बुडेल.
इ. आमचा खेळ बुडाला असता.
ई. आमचा खेळ बुडाला नसता.

इथे दिसण्यावरून गेलेलं मूल ‘असता’ला ‘असता’ आणि ‘नसता’ला ‘नसता’ लावतं, आणि नेमकं उलटं पडतं. पाऊस थांबला असता तर खेळ बुडाला *नसता*. पाऊस थांबला नसता तर खेळ बुडाला *असता*. या दोन वाक्यांत प्रत्यक्षात काय झालं, हे मुलांना विचारा. ‘थांबला असता तर’ म्हणजे पाऊस चालूच राहिला. ‘थांबला नसता तर’ म्हणजे पाऊस थांबला, आणि खेळ झाला. वर्गातल्या बऱ्याच जणांची पेन्सिल इथे थबकेल, कारण वाक्य जे म्हणतं त्याच्या बरोबर उलट घडलेलं असतं. ज्याला हे तोंडी सांगता येतं त्याला तिसरा खण कळला, असं समजायला हरकत नाही. उरलेल्या दोन वाक्यांना फार वेळ देऊ नका. ‘थांबला नाही तर’ आणि ‘थांबला नाही म्हणून’ यांत ‘काल’ सोडला तर फक्त जोडणारा शब्द बदललाय आणि खेळ एकदा बुडायचा आहे, एकदा बुडून गेलाय, एवढं मुलांच्या नजरेला आणून दिलं की झालं.

हा तक्ताही वीस नाही तर सोळा वाक्यं वाचून तपासायचा, तेवढाच नेमानं. इथे अर्थाचाही आधार घेतलाय हे लक्षात असू द्या. ‘पाऊस थांबला असता तर आमचा खेळ बुडाला असता’ हे वाक्य काळाच्या दृष्टीनं निर्दोष आहे, ते फक्त पावसात खेळणाऱ्यांच्या जगात खरं ठरेल. कोणी ते लिहिलं तर ‘काळ जुळला, अर्थ नाही’ असा शेरा मारा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या मुलांच्या डोक्यात वेगळ्याच राहू द्या.

आता एक अडचण, जी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण वह्या तपासताना तुम्हाला भेटत असणार. ‘त्याने मला सांगितले असते तर मी आलो असतो.’ या वाक्यात काही मुलं ‘असतो’ खोडून ‘असते’ करतात. त्यांना वाटतं, वर ‘असते’ आहे म्हणजे खालीही ‘असते’च हवं. ‘जुळवा’ हा शब्द त्यांनी फारच मनावर घेतलेला असतो. ‘सांगितले असते’ हे रूप आपल्या भागातून आलंय. तिथे कर्त्याला ‘ने’ लागलाय, म्हणून क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. सांगायची गोष्ट ‘ते’ मानून ते नपुंसकलिंगी राहिलंय. ‘आलो असतो’ मात्र ‘मी’शी जुळलंय. मुलगी बोलत असेल तर तेच ‘आले असते’ होईल, आणि मग योगायोगानं दोन्हीकडे ‘असते’ दिसेल. लिंग-वचनाचं जुळणं प्रत्येक भागाचं आपापलं असतं. ‘असता, असती, असतो, असते’ यांतलं काहीही काहीही समोर येऊ शकतं. दोन भागांच्या आरपार जातं ते फक्त ‘घडलं का’ याचं उत्तर.

हे शिकवायला वेगळा तास नको. पावसाच्या तक्त्यातल्या तिसऱ्या जोडीत ‘आम्ही’च्या जागी ‘ती’, ‘तू’, ‘मुलं’ घालून वाक्य फिरवायला लावा: ती खेळायला गेली असती, तू गेला असतास, मुलं गेली असती. डावा भाग तसाच राहतो, उजवा बदलत जातो, आणि खण तोच राहतो.

निबंधाचा प्रश्न मात्र जोड्यांनी सुटत नाही, तिथे तुमच्या सहकाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. जोड्या लावताना बरोबर रूप समोर लिहिलेलं असतं, ते ओळखायचं असतं. निबंधात ते डोक्यातून काढायचं असतं. हे दोन वेगळे व्यायाम आहेत. फक्त त्यावर तक्ते पाठ करणं हा उपाय नाही. तक्ता पाठ असलेल्या मुलाला ‘आलास’ भूतकाळ आहे हे माहीतच असतं, आणि तिथेच तर अडतंय. दहा मिनिटांतली पहिली चार जोड्यांना द्या. मग उजवी बाजू पुसून टाका. डावीकडचे पाच भाग तसेच ठेवा आणि शेजारी फक्त ‘खेळायला जाणे’ एवढं लिहा. मुलांनी वहीत पाचही वाक्यं स्वतः पुरी करायची. आत्ताच जुळवलेली असल्यामुळे बहुतेकांना जमेल. ज्यांना जमणार नाही ते नुसत्या नजरेनं जुळवत होते, आणि ते कोण हे तुम्हाला त्या दिवशीच कळेल, परीक्षेची वाट बघावी लागणार नाही. उरलेल्या वेळात एखादं वाक्य उलट्या बाजूनं द्या: ‘…… आम्ही खेळायला गेलो असतो.’ पहिला भाग त्यांनी घालायचा. हे जास्त कठीण जातं, कारण सुरुवात आपल्यालाच ठरवायची असते.

तुम्ही दिलेलं निबंधातलं वाक्य घेऊ: ‘जर मला माहीत असते तर मी नक्की येईन.’ तुम्ही तपासताना बहुधा ‘येईन’वर लाल रेघ मारून ‘आलो असतो’ लिहिलं असेल. पण चूक दुसऱ्याच भागात आहे, हे कशावरून? मुलाला म्हणायचं असेल, ‘मला माहीत असेल तर मी नक्की येईन’, म्हणजे समारंभाची तारीख मला आधी कळवा, मी येतो. किंवा त्याला म्हणायचं असेल, ‘मला माहीत असते तर मी नक्की आलो असतो’, म्हणजे कळलंच नाही, म्हणून आलो नाही. एका वाक्यात निमंत्रण स्वीकारलंय आणि दुसऱ्यात दिलगिरी आहे. मुलाला जवळ बोलवून एवढंच विचारा, ‘तू गेलास का नाही?’ तो म्हणाला ‘नाही ना, कळलंच नाही’, की तिसरा खण. म्हणाला ‘अजून व्हायचाय कार्यक्रम’, की दुसरा. मग कुठला शब्द बदलायचा ते तो स्वतःच बघतो. ‘असते’ आणि ‘असेल’ यांत त्याचा हात घसरला असण्याची शक्यताही बरीच आहे. ती चूक काळ न कळल्याची नाही, वाक्य परत न वाचल्याची आहे.

आणि बरेचदा वाक्य लांबल्यामुळेही हे होतं. ‘जर त्याने मला आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून गाडी किती वाजता पोचणार आहे ते नीट सांगितले असते तर मी त्याला घ्यायला स्टेशनवर जाईन.’ शेवटच्या क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर सुरुवातीचं ‘असते’ विस्मरणात गेलेलं असतं, आणि वाटेत भेटलेलं ‘पोचणार आहे’ मुलाला भविष्याकडे ओढून नेतं. अशा वाक्यांसाठी मुलांना एक सवय लावा: ‘तर’, ‘तेव्हा’, ‘की’ यांच्याभोवती गोल करायचा, त्याच्या लगेच आधीचं क्रियापद आणि वाक्यातलं शेवटचं क्रियापद यांच्याखाली रेघ मारायची, आणि मधलं सगळं सोडून फक्त तेवढं वाचायचं. ‘सांगितले असते – तर – जाईन.’ आता ते कानाला खटकतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ही युक्ती चालते. जोडणाऱ्या शब्दाच्या अलीकडेच पहिलं क्रियापद सापडतं, शोधाशोध करावी लागत नाही.

तुमच्यासारखाच सराव घरी घेणाऱ्या पालकांनीही हे तक्ते वापरायला हरकत नाही. प्रसंग बदलून घ्या: गाडी सुटणे आणि पोचणे, दिवे जाणे आणि वाचणे, काहीही. फक्त एका तक्त्यात एकच प्रसंग ठेवा आणि सगळी वाक्यं वाचून बघितल्याशिवाय तो मुलांपुढे ठेवू नका.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘जर-तर’ झालं की लगेच ‘जरी-तरी’ त्याच तक्त्यात घालावंसं वाटतं, कारण पुस्तकात ते बहुधा जवळजवळच येतात. ‘पाऊस पडला तरी’ हा भाग घेऊन बघा. ‘पाऊस पडला तरी आम्ही गेलो’, ‘पाऊस पडला तरी आम्ही जाऊ’, ‘पाऊस पडला तरी आम्ही जातो’: तिन्ही बरोबर. ‘कारण’चंही तसंच आहे: ‘मी आज येणार नाही कारण काल मला ताप होता’ यात दोन्ही भाग दोन वेगळ्या काळांत खुशाल राहतात. अशा शब्दांवर काळ जुळवायचा तक्ता बेतला, तर उत्तरपत्रिकेत एकच उत्तर ठेवता येत नाही, आणि वर्गात वाद घालणारं मूल दर वेळी जिंकतं. या सरावासाठी ‘तर’ आणि ‘तेव्हा’ एवढेच घ्या, ‘म्हणून’ घेतलात तर वरच्यासारखा ‘काल’ सोबत ठेवा. ‘जरी-तरी’ आणि ‘कारण’ निबंधाच्या तासाला घ्या, तिथे जोड्या लावायच्या नसतात.